जुना तांदूळ पाणी जास्त का पितो?

तांदळाच्या पाकिटावरची एक नेहमीची ओळ घेऊ: ‘लांब दाणा, 12 महिने जुना, दुहेरी पॉलिश, निव्वळ वजन 5 किलो, एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी’. यातली सगळ्यात कमी समजलेली गोष्ट म्हणजे ‘12 महिने जुना’. पीठ जुनं झालं तर नाक मुरडणारी माणसंसुद्धा तांदूळ मात्र मुद्दाम जुना शोधतात. नव्या तांदळाचा भात गिच्च होतो, जुन्याचा मोकळा होतो आणि त्याला पाणी थोडं जास्त लागतं, हा अनुभव खराच आहे. मात्र त्याचं कारण बहुतेक जण ‘तो वाळलेला असतो म्हणून’ असं सांगतात, आणि तिथेच चूक होते.

हिशेब करून बघू. साठवणीसाठी तांदळात साधारण 14 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. 5 किलो तांदळात तो 14 टक्के असेल, तर पाणी 700 ग्रॅम आणि कोरडा भाग 4300 ग्रॅम. वर्षभरात ओलावा 12 टक्क्यांवर आला, तर कोरडा भाग तेवढाच राहतो आणि एकूण वजन साधारण 4886 ग्रॅम होतं. म्हणजे पाच किलोमागे 115 ग्रॅमच्या आसपास पाणी उडालं, किलोमागे जेमतेम 23 ग्रॅम. हे झालं दीड मोठा चमचा पाणी. एक किलो तांदूळ शिजताना लिटरच्या वर पाणी शोषतो, तिथे या दीड चमच्याने काय फरक पडणार? वाळणं हे कारण पुरत नाही.

खरा बदल दाण्याच्या बांधणीत होतो. गंमत म्हणजे वर्षभराने तपासलं तरी स्टार्च आणि प्रथिनं जवळपास तेवढीच भरतात. बदलते ती त्यांची एकमेकांशी असलेली जोडणी. तांदळाच्या दाण्यात स्टार्चचे बारीक कण खच्चून भरलेले असतात आणि त्यांच्याभोवती प्रथिनांचं अस्तर असतं. काळ जातो तसे या प्रथिनांमधले गंधकाचे अणू एकमेकांना बांधले जातात आणि अस्तर घट्ट होत जातं. त्याच वेळी दाण्यातली थोडीशी चरबी फुटून मेदाम्लं मोकळी होतात. त्यातली काही अमायलोज नावाच्या सरळ साखळीच्या स्टार्चला बिलगतात. स्टार्च तोडणारी विकरंही हळूहळू मंदावतात.

आता हा दाणा उकळत्या पाण्यात टाका. नव्या तांदळात स्टार्चचे कण फुगून लवकर फुटतात आणि त्यातला चिकट भाग पाण्यात उतरतो. तोच दाण्याला दाणा चिकटवतो. जुन्यात कण फुगतात, पण घट्ट अस्तरामुळे फुटत नाहीत. पाणी आत राहतं, दाणा वाढतो आणि बाहेरची पेज पातळ राहते. जुना तांदूळ पाणी जास्त ‘पितो’ तो असा: तहान लागली म्हणून नव्हे, तर फुटून न जाता पाणी धरून ठेवता येतं म्हणून.

हा बदल सर्वांत झपाट्याने कापणीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत होतो आणि पुढे मंदावतो. तो तापमानावरही अवलंबून आहे. थंड कोठारात वर्षभर ठेवलेला तांदूळ उबदार गोदामात सहा महिने राहिलेल्यापेक्षा ‘तरुण’ असू शकतो. म्हणून नुसता महिन्यांचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. शिवाय हे वय कापणीपासून मोजायचं असतं, पाकीट भरल्याच्या तारखेपासून नाही. कालच भरलेल्या पाकिटात दोन वर्षांचा तांदूळ असू शकतो, आणि त्यात काही लबाडी नाही.

वयाचा अंदाज घ्यायची पद्धत स्वयंपाकघरातच आहे. अख्खे दहा दाणे टोकाला टोक लावून मोजा, समजा 70 मिलिमीटर भरले. मूठभर तांदूळ अर्धा तास भिजवून भरपूर पाण्यात उकळा. शिजला का, हे दोन काचपट्ट्यांमध्ये दाणा दाबून कळतं: मधे पांढरा ठिपका दिसला तर कणी राहिली. ठिपके गेले की पुन्हा अख्खे दहा दाणे मोजा. लांब दाण्याचा, चांगला मुरलेला बासमती 130 मिलिमीटरच्या पुढेही जातो. सोबत पेज बघा. ती दुधट आणि दाट असेल, तर पाकीट काहीही म्हणो, तांदूळ नवा आहे किंवा मूळचाच चिकट जातीचा आहे.

हा ‘किंवा’ महत्त्वाचा आहे. अमायलोज 20 ते 25 टक्के असलेल्या जातीत मुरण्याचा फायदा खुलून दिसतो. अमायलोज जवळजवळ नसलेला चिकट तांदूळ कितीही जुना केला तरी फडफडीत होणार नाही. सुवासिक तांदळात तर मुरवण्याची किंमतही मोजावी लागते: सुगंधाचं मुख्य द्रव्य उडून जातं आणि चरबीच्या ऑक्सिडीकरणातून जुनाट वास येऊ लागतो. म्हणून ‘जुना’ ही सरसकट स्तुती मानू नये, असं माझं मत.

पॉलिशचा संबंध इथेच येतो. तूस काढल्यावर राहणाऱ्या दाण्यात चरबी मुख्यतः कोंड्यात आणि अंकुरात असते. ती घासून काढली की उरलेला पांढरा दाणा निवांत मुरू शकतो. कोंड्यासकट ठेवलेला तांदूळ मात्र मुरण्याआधी खवट होतो, त्यामुळे बिनपॉलिश तांदळाच्या पाकिटावर ‘दोन वर्षं जुना’ दिसलं तर सावध व्हावं. अख्ख्या गव्हाच्या पिठाचंही तेच आहे. तिथे दळल्याची तारीख वयापेक्षा मोलाची.

‘एक वाटीला दोन वाट्या’ हे प्रमाण अंदाजाचं आहे. त्यातलं काही पाणी दाणा शोषतो, काही वाफ होऊन जातं, आणि वाफ तांदळाच्या मापावर नाही, भांडं, झाकण आणि वेळ यांवर ठरते. म्हणून चार वाट्यांना आठ वाट्या पाणी घातलं की भात आसट होतो.

डाळी-कडधान्यांच्या पाकिटावर मात्र ‘जुना’ शब्द शोभत नाही. इथे वय उलटं काम करतं. उष्ण, दमट जागी साठवलेल्या कडधान्यात फायटिक आम्ल फुटतं आणि त्याने धरून ठेवलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मोकळं होतं. पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला ते पक्कं बांधून टाकतं, मग दाणा फुगूनही तासन्‌तास मऊ होत नाही. गणंग वेगळा: त्याचं साल पाणीच आत घेत नाही, म्हणून तो रात्रभर भिजवूनही खड्यासारखा राहतो. भिजून फुगला पण शिजला नाही, तर दोष साठवणीचा. फुगलाच नाही, तर सालाचा. पहिल्या प्रकारात भिजवायच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की पेक्टिन सुटायला मदत होते, पण थायमिन जीवनसत्त्व बरंच नष्ट होतं. जड पाण्यात मात्र तीच डाळ आणखी हट्टी होते, कारण पाण्यातलं कॅल्शियमही त्याच बांधणीत भर घालतं.