डमी गेज की दुसरा अ‍ॅक्टिव्ह गेज?

कुपवाडच्या एमआयडीसीत वजनकाट्याची पट्टी बनवताना दोन स्ट्रेन गेज, 350 ओहमचे दोन पक्के रेझिस्टर आणि 5 व्होल्ट एवढ्यावर चार भुजांचा ब्रिज उभा राहतो. पण ‘दोन गेज’ म्हणजे नेमकं काय, यावर गल्लत होते. एका जोडणीत दुसरा गेज फक्त तापमान सांभाळतो, तो डमी; दुसरीत तो ताण मोजायचं कामही करतो, तो अ‍ॅक्टिव्ह. वायरिंग मात्र दोन्हींत तंतोतंत सारखं: दोन्ही गेज एकापुढे एक, आणि सिग्नलची वायर त्यांच्या मधल्या सांध्यावरून.

एका टोकाला घट्ट धरलेली पोलादी पट्टी घ्या. वजनाने तिच्या वरच्या पृष्ठभागावर 500 मायक्रोस्ट्रेन ताण येतो. गेज फॅक्टर 2 असेल तर 350 ओहमच्या गेजमध्ये बदल होतो फक्त 0.35 ओहम. साधं मल्टीमीटर हा बदल धड दाखवणार नाही. ब्रिज लागतो तो त्यासाठीच.

डमी जोडणीत दुसरा गेज त्याच पोलादाच्या मोकळ्या तुकड्यावर, पट्टीला खेटून बसवतात. आउटपुट असं:

`Vo = V × GF × ε / 4 = 5 × 2 × 0.0005 / 4 = 1.25 mV`

दुसरा गेज पट्टीच्या खालच्या बाजूला बरोबर त्याच जागी चिकटवला, तर वरचा ताणतो तेव्हा खालचा तेवढाच दबतो. भागाकार 4 ऐवजी 2 ने होतो आणि मिळतात 2.5 मिलिव्होल्ट. तापमान वाढलं की दोन्ही गेज सारखेच बदलतात, मधल्या सांध्याचं व्होल्टेज हलत नाही. शक्य असेल तिथे हीच पद्धत घ्यावी, कारण दोन्ही गेज एकाच पट्टीवर असतात. डमीचं तसं नाही. एप्रिलच्या उन्हात पट्टी तापली आणि डमी पॅनेलच्या सावलीत राहिला, तर शून्य सरकतंच.

मात्र सरळ ओढल्या जाणाऱ्या टाय रॉडवर ही युक्ती उलटते. दोन्ही बाजू सारख्याच ताणतात, म्हणून शेजारच्या भुजांतले बदल एकमेकांना खातात आणि आउटपुट शून्याजवळ राहतं. तिथे डमीच हवा.

इंडिकेटरवर दोन अ‍ॅक्टिव्ह गेजची सेटिंग ठेवून प्रत्यक्षात डमी जोडला असेल, तर 500 ऐवजी 250 मायक्रोस्ट्रेन दिसतं. आकडा स्थिर असतो, म्हणून शंका येत नाही. ओळखीचं वजन ठेवून हिशोबाशी ताडून पाहिलं तरच ही चूक सापडते.

त्याहून फसवी चूक म्हणजे डमी समोरासमोरच्या भुजेत लावणं. वजनाला आउटपुट बरोबर 1.25 मिलिव्होल्टच येतं, पण तापमानाचा परिणाम कटण्याऐवजी दुप्पट होतो. म्हणून वजन न ठेवता पट्टी आणि डमी दोन्ही हेअर ड्रायरने एकत्र, हळूहळू कोमट करावेत. आकडा एकाच दिशेने सरकत गेला, तर आधी वायरची जागा तपासा, मग गेजचा दर्जा.