व्हॅन डर वाल्स स्थिरांक आणि अनुरूप अवस्था

व्हॅन डर वाल्स समीकरणात `a` हा रेणूंमधल्या आकर्षणाचा आणि `b` हा रेणूंनी अडवलेल्या जागेचा स्थिरांक असतो. वायूचे क्रांतिक तापमान `Tc` आणि क्रांतिक दाब `Pc` माहीत असले की हे दोन्ही काढता येतात.

`(P + a/V²)(V − b) = RT`

येथे `V` हे एका मोलचे आकारमान. क्रांतिक बिंदूवर समतापी वक्र क्षणभर आडवा होतो आणि तिथेच त्याची वक्रता दिशा बदलते, म्हणून `V` च्या संदर्भात दाबाचे पहिले व दुसरे अवकलज शून्य धरतात. त्यातून `Vc = 3b` मिळते आणि पुढे:

`a = 27R²Tc²/(64Pc)`, `b = RTc/(8Pc)`

कार्बन डायऑक्साइडचे `Tc` ३०४.१३ केल्विन आणि `Pc` ७३.७७ बार. `R` ०.०८३१४५ लिटर-बार प्रति मोल-केल्विन घेतल्यास `RTc` २५.२९ येते. त्यावरून `b` ०.०४२८५ लिटर प्रति मोल आणि `a` सुमारे ३.६६ लिटर²-बार प्रति मोल². तापमान सेल्सिअसमध्ये (३१ अंश) घातले, तर `a` जवळजवळ शंभर पटींनी कमी येतो. चूक ओळखायची ही सोपी खूण.

`Vc` वरून `b = Vc/3` असेही काढता येईल, पण ते टाळावे. क्रांतिक बिंदूजवळ दाब किंचित बदलला तरी आकारमान खूप बदलते, त्यामुळे `Vc` नेमके मोजणे अवघड. त्याहून मोठी अडचण समीकरणाचीच आहे. त्याच्या मते `PcVc/RTc` प्रत्येक वायूसाठी ०.३७५ असायला हवे. कार्बन डायऑक्साइडसाठी ते प्रत्यक्षात ०.२७४ आहे. तिन्ही क्रांतिक मूल्ये दोन स्थिरांकांत एकाच वेळी बसत नाहीत.

दाब, तापमान व आकारमान यांना आपापल्या क्रांतिक मूल्याने भागले की लघुकृत चल मिळतात आणि `a`, `b` समीकरणातून नाहीसे होतात:

`(Pr + 3/Vr²)(3Vr − 1) = 8Tr`

व्हॅन डर वाल्स यांनी १८८० मध्ये मांडलेला अनुरूप अवस्थांचा नियम तो हाच: `Tr` आणि `Pr` समान असतील तर निरनिराळे वायू सारखेच वागतात. `Tr` १.२ व `Pr` १.५ घेऊ. कार्बन डायऑक्साइडसाठी ही अवस्था ३६५ केल्विन व ११०.७ बारला येते, नायट्रोजनसाठी १५१.४ केल्विन व ५०.९ बारला. दोन्हींसाठी समीकरण `Vr` सुमारे १.३५ देते, म्हणजे `PV/RT` ०.६३. सर्व वायूंसाठीच्या सामान्य आलेखात ते ०.६६ च्या आसपास वाचता येते.

आता या `Vr` वरून कार्बन डायऑक्साइडचे आकारमान काढताना नेहमीची चूक होते. `Vr` ला मोजलेल्या `Vc` ने, म्हणजे ०.०९४ लिटरने गुणले तर ०.१२७ लिटर येते. गुणायचे असते `3b` ने, म्हणजे ०.१२८५ ने, मग ०.१७४ मिळते. समीकरणातला `Vr` समीकरणाच्याच `Vc` वर मोजलेला असतो.

आर्गॉन, नायट्रोजन, मिथेन यांसारख्या साध्या रेणूंना नियम चांगला लागू पडतो. पाणी आणि अमोनिया ध्रुवीय असल्याने ढळतात. हायड्रोजन आणि हेलियम हलके असल्याने पुंज परिणाम आड येतात. त्यांच्यासाठी `Tr` काढताना `Tc` मध्ये ८ केल्विन आणि `Pr` काढताना `Pc` मध्ये ८ वातावरण मिळवण्याचा रिवाज आहे.