गोळी सुरू करायची का? कॅन्सर वॉर्डातलं डिप्रेशन आणि खचलेपण

कॅन्सर वॉर्डातून मानसोपचार विभागाकडे येणारी चिठ्ठी बहुतेक वेळा दोन ओळींची असते. ‘रुग्ण उदास. जेवत नाही, झोपत नाही, मला सोडवा म्हणतो. डिप्रेशनचं औषध सुरू करावं का?’ दुसऱ्या विभागातल्या रुग्णाला त्याच्या खाटेपाशी जाऊन तपासायचं आणि तिथल्या डॉक्टर-नर्सना लेखी सल्ला द्यायचा, या कामाला कन्सल्टेशन-लिएझन सायकियाट्री म्हणतात. चिठ्ठीतल्या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही एवढंच दिसत असलं, तरी तिथवर पोचायला बराच शोध घ्यावा लागतो. आजार पुढच्या टप्प्यात गेलेला माणूस उदास दिसतो, तेव्हा ते डिप्रेशन असेल किंवा डिमॉरलायझेशन, म्हणजे मनोधैर्य खचणं, असेल. दोन्हींत माणूस रडतो, दोन्हींत मरणाच्या गोष्टी करतो, पण उपचार मात्र वेगळे आहेत.

एक नमुन्याची केस घेऊ. ती कुणा एका माणसाची नाही. अशा वॉर्डात नेहमी दिसणाऱ्या गोष्टी जोडून उभी केली आहे. तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवणारे 54 वर्षांचे गृहस्थ. फुप्फुसाचा कॅन्सर मणक्यात पसरला, मज्जारज्जूवर दाब आला आणि तीन आठवड्यांपूर्वी दोन्ही पाय गेले. रेडिएशनचे पाच डोस झाले. दर चार तासांनी 10 मिलिग्रॅम मॉर्फिन आणि दिवसातून दोनदा 4 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन चालू आहे. आता ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात.

सुरुवात केस पेपरपासून करायची. इथे डेक्सामेथासोनची दुसरी गोळी रात्री 8 वाजता दिली जात होती. हे स्टिरॉइड झोप उडवतं, म्हणून ते शक्यतो दुपारच्या आत संपवायचं असतं. रात्रपाळीच्या नर्सच्या नोंदीत दुखण्याचा आकडा 10 पैकी 7 होता आणि सकाळच्या राउंडला 3. राउंडच्या वेळी नुकताच डोस झालेला असतो, त्यामुळे डॉक्टरांना रात्रीचं दुखणं दिसतच नव्हतं. रक्तातलं सोडियम 131 होतं, म्हणजे कमी. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ते उतरू शकतं आणि त्यानेही माणूस मलूल होतो. कॅल्शियम आणि थायरॉइड ठीक होतं. मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड चालू असेल तर तेही पाहायचं, कारण त्याने येणारी अंगातली तगमग पुष्कळदा घबराट म्हणून लिहिली जाते. या रुग्णाला ते नव्हतं.

मग भ्रम, म्हणजे डेलिरियम, आहे का ते तपासायचं. आरडाओरडा करणारा भ्रम सगळ्यांना कळतो. गप्प पाडणारा भ्रम मात्र हुबेहूब डिप्रेशनसारखा दिसतो, आणि मॉर्फिन, स्टिरॉइड आणि कमी सोडियम एकत्र असताना त्याची शंका घ्यायलाच हवी. मुलाला विचारायचं, ‘बाबा नेहमीपेक्षा गोंधळल्यासारखे वाटतात का? सकाळी एक, संध्याकाळी एक असं होतं का?’ रुग्णाला डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला सांगायचे. या गृहस्थांनी जुलैपर्यंत न अडखळता म्हटले आणि वर विचारलं, ‘पुढचे पण सांगू?’ लक्ष टिकत होतं, त्यामुळे भ्रम मागे पडला.

यानंतर डिप्रेशनची नेहमीची लक्षणं मोजायला गेलं की अडचण येते. भूक, झोप, थकवा, वजन, एकाग्रता या सगळ्यांवर कॅन्सर आणि त्याची औषधंही परिणाम करतात. म्हणून 1984 साली जीन एंडिकॉट यांनी कॅन्सरच्या रुग्णांसाठी पर्याय सुचवला, तो अजून उपयोगी पडतो. भूक आणि वजनाऐवजी चेहऱ्यावरची खिन्नता किंवा रडू पाहा. झोपेऐवजी माणसांपासून तुटणं आणि कमी बोलणं पाहा. थकव्याऐवजी कुढणं आणि स्वतःची कीव पाहा. एकाग्रतेऐवजी, काही चांगलं घडलं तरी मन हलत नाही का, हे पाहा.

यातलं शेवटचं इथे सर्वांत महत्त्वाचं. 2002 साली ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड क्लार्क आणि डेव्हिड किसेन यांनी खचलेपणाची मांडणी करताना हाच धागा पकडला. आनंदाचे दोन भाग करता येतात: आत्ता समोर असलेल्या गोष्टीत रमणं आणि पुढे येणाऱ्या गोष्टीची ओढ वाटणं. गंभीर डिप्रेशनमध्ये दोन्ही जातात. खचलेल्या माणसाची पुढची ओढ जाते, पण आत्ताचं रमणं शाबूत राहतं. कृतीबाबतही असाच फरक आहे. डिप्रेशनमध्ये काय करायचं हे ठाऊक असूनही उभारी येत नाही. खचलेल्याला करायची इच्छा असते, पण वाट दिसत नाही आणि ‘आता आपल्याच्याने काही होणार नाही’ असं तो धरून बसतो.

‘तुम्हाला आनंद वाटतो का?’ असं विचारून हे कळत नाही. पायांतली ताकद गेलेला कुठलाही माणूस नाही म्हणेल. त्यापेक्षा घडलेली घटना शोधावी लागते. दुपारपाळीच्या नर्सने सांगितलं, की आदल्या दिवशी दुकानातला पोरगा भेटायला आला होता. त्याने मोबाइलवर जळालेल्या पंपाच्या वाइंडिंगचा फोटो दाखवला. गृहस्थांनी फोटो मोठा करून पाहिला, तारेचा गेज विचारला, पोराने वेढे कमी घातलेत हे ओळखलं आणि त्याला चांगलं खडसावलं. वीस मिनिटं ते भिंतीकडे वळले नाहीत, चहाही पूर्ण प्यायले. पोरगा गेल्यावर म्हणाले, ‘आता हे बघून तरी काय करायचं?’

नर्सचं हे निरीक्षण नोंदीत तारीख-वेळेसह उतरवायचं. मानसोपचारतज्ज्ञ अर्धा तास थांबतो, नर्स पूर्ण पाळी तिथे असते. केवळ ‘मूड उदास’ असं लिहिलं तर ही घटना हरवते आणि निदानही चुकतं.

अपराधीपणा तपासताना आपल्याकडे एक खबरदारी घ्यावी लागते. ‘माझ्या कर्माची फळं’ हे वाक्य मराठी माणूस सहज बोलून जातो. तेवढ्यावरून आजारी अपराधभाव ठरवू नये. पुढे विचारायचं, ‘म्हणजे काय केलंत असं वाटतं?’ हे गृहस्थ म्हणाले, ‘तीस वर्षं बिडी ओढली, आणखी काय.’ हा एका गोष्टीपुरता पश्चात्ताप झाला. ‘मी जन्मल्यापासूनच नालायक, माझ्यामुळे घराला शाप लागला’ असं कुणी म्हणालं असतं, तर पारडं डिप्रेशनकडे झुकलं असतं. याआधी डिप्रेशन येऊन गेलं आहे का, घरात कुणाला होतं का, हेही विचारायचं. इथे दोन्ही नव्हतं.

‘मला सोडवा’ हे शब्द मोघम ठेवायचे नाहीत. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती चुकीची आहे. सरळ विचारायचं: मरण यावं असं वाटतं, की स्वतः काही करावं असं वाटतं? काही ठरवलं आहे का? गोळ्या साठवल्या आहेत का? घरी शेतीची औषधं कुठे असतात? उत्तर आलं, ‘झोपेत गेलो तर बरं. स्वतः काही करणार नाही. पण पोराला माझं सगळं करावं लागतं, ते बघवत नाही.’ योजना नाही, साठा नाही. तरीही खचलेपणाला सौम्य समजू नये. डिप्रेशन नसलं तरी केवळ निराशेपोटी माणूस मरणाची इच्छा धरतो, म्हणून धोक्याची नोंद दोन्हींत तितकीच काळजीपूर्वक करायची.

खचण्याचं कारण शोधल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. इथे ते बोलण्यातून बाहेर आलं. पाय परत येणार का, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मुलाने डॉक्टरांना विनंती केली होती, ‘बाबांना काही सांगू नका, ते खचतील.’ फिजिओथेरपी चार दिवसांपूर्वी बंद झाली, तीही कारण न सांगता. रोज सकाळी ते अंगठा हलतो का बघत आणि न हलल्याचा दोष स्वतःच्या इच्छाशक्तीला देत. मुलाचा हेतू प्रेमाचाच होता, पण त्या शांततेतून वडिलांनी काढलेला अर्थ खऱ्या बातमीपेक्षा वाईट होता.

मताचा भाग असा लिहिला गेला: ‘मनोधैर्य खचलेले. आज डिप्रेशनचे निकष पुरे होत नाहीत. भ्रम नाही. मरणाची निष्क्रिय इच्छा आहे, योजना नाही. रात्रीचे दुखणे व झोपमोड यांमुळे भर. डिप्रेशनचे औषध आज नको.’ ‘आज’ हा शब्द महत्त्वाचा, कारण खचलेपणातून डिप्रेशन उभं राहू शकतं आणि दोन्ही एकत्रही असतात. किसेन यांच्या गटाची 2004 सालची 24 प्रश्नांची मापनश्रेणी आणि तिची 2016 ची 16 प्रश्नांची आवृत्ती मदतीला घेता येते, पण अशा श्रेणीवर दोन्ही अवस्थांतल्या रुग्णांचे गुण बरेचदा जास्तच येतात. घटना पाहून केलेला निवाडा आकड्याने टळत नाही.

शंका असली तरी गोळी देऊन टाकायला काय हरकत, असं वॉर्डातून विचारलं जातं. या रुग्णाला सर्ट्रालीनसारखी गोळी दिली असती तर 131 वरचं सोडियम आणखी उतरून खराच भ्रम होऊ शकला असता. फायदा दिसायला काही आठवडे लागतात, आणि तोवर ‘औषध चालू आहे’ म्हणून मूळ कारणाकडे कुणी पाहत नाही. उलट, पोरगा आल्यावरही चेहरा हलला नसता, हालचाल आणि बोलणं मंदावलं असतं, तर औषध टाळणं चूक ठरलं असतं. मग रात्री 7.5 मिलिग्रॅम मिर्टाझापीनने सुरुवात करणं बरं. ते झोप आणि भुकेलाही मदत करतं आणि सोडियम उतरवण्याचा त्याचा धोका तुलनेने कमी असतो.

उपाययोजना लिहिताना ‘समुपदेशन करावे’ एवढ्यावर थांबलं की काहीच घडत नाही. कोणी, कधी, काय करायचं ते लिहावं लागतं. इथे डेक्सामेथासोन सकाळी 8 आणि दुपारी 12 वर आणलं. मॉर्फिनचा झोपतानाचा डोस दुप्पट करून मधला रात्रीचा डोस काढला आणि मध्येच कळ आली तर 10 मिलिग्रॅम जादा देण्याची लेखी सूचना ठेवली. सोडियमची कारणं पाहणं आणि फेरतपासणी कॅन्सरच्या डॉक्टरांकडे दिली. त्यांनी, मुलाच्या उपस्थितीत, आधी ‘तुम्हाला किती माहिती हवी आहे?’ असं विचारून पायांबद्दल खरं सांगायचं ठरलं. रेडिएशनच्या आधीच चालणं पूर्ण बंद झालं असेल तर ते परत येण्याची शक्यता कमी असते. म्हणून फिजिओथेरपी पुन्हा सुरू झाली ती बसण्यासाठी आणि खाटेवरून व्हीलचेअरवर सरकण्यासाठी. पोरग्याची भेट दुपारी 4 वाजता, फिजिओनंतर, बसलेल्या स्थितीत. आणि नर्ससाठी एक प्रश्न: ‘आजवर धंद्यात वाईट दिवस आले तेव्हा कसे निभावलेत?’ उत्तर ऐकून घ्यायचं, लगेच धीर द्यायचा नाही.

फेरतपासणी तिसऱ्या दिवशी. माहिती दिल्याच्या संध्याकाळी ते खूप रडले, आणि वॉर्डातून पुन्हा गोळीची विचारणा आली. पण रडून झाल्यावर त्यांनीच मुलाला दुकानाच्या उधारीची वही आणायला सांगितलं. सातव्या दिवशी रात्रीचं दुखणं 3 वर होतं, झोप पाच तास, जेवण अजून निम्मंच. मरणाबद्दल विचारल्यावर म्हणाले, ‘वाटतं कधी कधी. पण आधी वही पुरी करायची आहे.’ डिस्चार्जच्या नोंदीत लिहिलं गेलं: मॉर्फिनच्या गोळ्या मोजून मुलाच्या ताब्यात, शेतीची औषधं कुलपात, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर कुटुंबाला दिला. दोन आठवड्यांनी फोनवर फेरतपासणी. पोरग्याच्या भेटीत रमणं थांबलं, अपराधीपणा वाढला किंवा बोलणं मंदावलं, तर मिर्टाझापीनचा विचार तेव्हाच करावा.