तळताना पुरी-भजीत मुरणारं तेल आणि कॅलरीचा हिशोब

पुरी किंवा भजी तळताना पदार्थातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि कढईतलं थोडं तेल आत जातं, त्यामुळे कच्च्या सामानाच्या आकड्यांवरून काढलेले फॅट आणि कॅलरी तळलेल्या पदार्थाला लागू पडत नाहीत. दोन टोकाच्या चुका नेहमी दिसतात: कोणी तळणीचं तेल धरतच नाही, तर कोणी कढईत ओतलेलं अख्खं अर्धा लिटर हिशोबात टाकतं. खरा आकडा या दोन्हींच्या मधला असतो आणि तो घरच्या वजनकाट्यावर बऱ्यापैकी काढता येतो.

आधी तेल आत शिरतं कसं ते बघू. पुरी तेलात असताना आतली वाफ जोरात बाहेर येत असते, बुडबुडे दिसतात ते तिचेच, आणि तोवर तेलाला आत घुसायला फारसा वाव नसतो. झाऱ्याने पुरी वर काढली की ती गार व्हायला लागते, आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागाला चिकटलेलं तेल बारीक छिद्रांतून आत ओढलं जातं. म्हणजे बरंचसं तेल कढईत नाही, बाहेर काढल्यावर मुरतं! म्हणून झारा कढईवर झटकून पुरी लगेच टिश्यूवर टाकली तर फरक पडतो, पाच मिनिटांनी टिपून फारसं काही हाती लागत नाही.

आता एक हिशोब, आकडे समजण्यापुरते धरलेत. कणीक २०० ग्रॅम, पाणी १०० ग्रॅम, मोहन ५ ग्रॅम, मिळून साधारण ३०५ ग्रॅम पीठ, त्याच्या १५ पुऱ्या. कच्च्या सामानाचे होतात ७२५ च्या आसपास कॅलरी आणि ८ ग्रॅम फॅट. तळायच्या आधी गार तेलासकट कढईचं वजन घ्यायचं, तळून झाल्यावर तेल पूर्ण गार होऊ द्यायचं आणि परत घ्यायचं. समजा ४० ग्रॅम कमी भरलं. वापरायच्या आधी आणि नंतर टिश्यू तोलला, त्यात ४ ग्रॅम निघालं, म्हणजे पुऱ्यांत गेलं ३६ ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे ३२४ ची भर. एकूण झाले साधारण १०५०, फॅट ४४ ग्रॅम. एका पुरीमागे ४८ च्या ७० कॅलरी झाल्या, म्हणजे जवळजवळ दीडपट, पण फॅट मात्र पाचपटीहून जास्त वाढलं, कारण कणकेत ते मुळातच नावाला होतं.

इथे तेल मापाच्या भांड्याने मोजलं तर गडबड होते, गरम तेल फुगतं, १८० डिग्रीला ते गार तेलापेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास जास्त जागा घेतं. म्हणून वजनच घ्यायचं, तेही गार झाल्यावर. पुऱ्या पिठीवर लाटल्या असतील तर ती पिठी तेलात उतरून तळाशी बसते आणि उरलेल्या तेलाचं वजन उगाच जास्त दाखवते, तेलाचा हात लावून लाटल्या तर ती भानगड नाही, फक्त तेवढं तेलही धरायला हवं. कढईबाहेर उडालेलं तेल मात्र पुरीच्याच खात्यावर जातं, त्यामुळे आकडा किंचित जास्तच येतो.

नुसत्या पुऱ्या आधी-नंतर तोलून तेल कळत नाही. वरच्या उदाहरणात ४० ग्रॅम पाणी गेलं आणि ३६ ग्रॅम तेल आलं तर काटा ३०५ च्या जागी ३०१ दाखवेल आणि वाटेल की काहीच मुरलं नाही.

कांदाभजीत हे आणखी फसवं होतं. १०० ग्रॅम बेसन आणि २०० ग्रॅम कांदा, म्हणजे कच्चे अंदाजे ४६० कॅलरी. कांद्याचं पाणी भरपूर उडतं, समजा ९५ ग्रॅम, आणि तेल ४५ ग्रॅम आत आलं, तर भजी भरतील २५० ग्रॅम आणि कॅलरी होतील ८६५. शंभर ग्रॅममागे बघितलं तर १५३ वरून ३४६, पण ही सगळी वाढ तेलाची नाही, पाणी उडून पदार्थ आटला त्याचाही त्यात वाटा आहे. म्हणून तुलना अख्ख्या घाण्याची करावी, शंभर ग्रॅमची नाही.

खेकडा भजी जास्त तेल पिते कारण कांद्याचे सुटे सुटे तुकडे, सगळीकडून पृष्ठभाग उघडा, त्यामानाने बटाटेवडा गोल आणि भरीव असल्याने वजनाच्या हिशोबात कमी पितो. सोडा जास्त पडला की भजी जाळीदार होते आणि तेलकटही. पुरीचं पीठ सैल भिजवलं तरी तेच, जितकं पाणी बाहेर जाणार तितकी तेलाला जागा. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर पुरी फुगत नाही, कढईत रेंगाळते आणि हातात घेतली की बोटं माखतात. एकदम जास्त पुऱ्या सोडल्या तरी तापमान पडतं. आणि पुन्हापुन्हा तापवून दाट झालेलं, फेस धरणारं तेल पदार्थाला जास्त चिकटून येतं, त्यामुळे आधीच्या तळणीच्या तेलात काढलेला आकडा ताज्या तेलाला जसाच्या तसा लावता येत नाही.