नाशिकमध्ये स्वमग्न मुलांच्या पालकांचा गट: नोंदणी नेमकी कुठे अडते

नुसते भेटायचे असेल, तर नोंदणी लागत नाही. पहिल्या बैठका सहा-सात कुटुंबांतच घ्याव्यात आणि जागा शांत निवडावी. आमच्या पहिल्या बैठकीत एक आई दोन तास दारातच उभी होती, कारण तिचा मुलगा पंख्याच्या आवाजाने आत यायला तयार नव्हता. नियम तेव्हाच लिहून घ्यावेत: इथे ऐकलेले बाहेर सांगायचे नाही, मुलांचे फोटो कुठेही टाकायचे नाहीत आणि कोणी औषध किंवा थेरपी विकायची नाही.

देणगी घ्यायची झाली की नोंदणी हवी. तोवर जमलेले पैसे कुणाच्याही वैयक्तिक खात्यात ठेवू नयेत. हॉलचे भाडे सर्वांनी वाटून घ्यावे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार किमान सात सदस्य लागतात. ते सात वेगवेगळ्या घरांतले असावेत, कारण पती-पत्नींच्या जोड्यांनी भरलेले मंडळ देणगीदारांना घरगुती वाटते. घटना, ओळखपत्रे आणि ठराव सहज जमतात. खरी अडचण पत्त्याच्या पुराव्याची असते. कार्यालय म्हणून एखाद्याचे घर दाखवले जाते आणि लाईट बिलावर नाव मात्र वारलेल्या आजोबांचे निघते. मग ना-हरकत पत्र द्यायचे कोणी, हा प्रश्न उभा राहतो. म्हणून अर्जाआधी बिल किंवा घरपट्टी हयात मालकाच्या नावावर करून घ्यावी. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालील नोंदणीही धर्मादाय आयुक्तांच्या नाशिक कार्यालयातच होते.

सर्वांत जास्त फसगत चेंज रिपोर्टच्या मुदतीत होते. विश्वस्त बदलल्यावर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत कळवावे लागते आणि हे दिवस बदल झाल्यापासून मोजले जातात, कागद तयार झाल्यापासून नव्हे. समजा, खजिनदारांची पुण्याला बदली झाली आणि १२ जानेवारी २०२५ च्या बैठकीत नवे खजिनदार निवडले. तर मुदत १२ एप्रिलला संपते. इतिवृत्त मार्चअखेर टाईप झाले म्हणून एप्रिलअखेर गेलात, तर विलंब माफीचा वेगळा अर्ज करावा लागतो. दमलेल्या पालकांना एका कागदासाठी इतक्या खेपा घालायला लावू नयेत, पण तूर्त नियम तोच आहे. तोवर बँक सहीचा बदल अडवून धरू शकते आणि थेरपिस्टचे मानधन थकते. म्हणून बैठकीच्या दिवशीच इतिवृत्तावर सह्या घ्याव्यात.

पाठपुराव्यात पहिला विषय पालकत्वाचा घ्यावा. मूल १८ वर्षांचे झाले की आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते. मुलाला सज्ञानपणीही पालकाची गरज असेल, तर राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. त्या समितीत न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेचा प्रतिनिधी असतो, त्यामुळे गटाची नोंदणी न्यासाकडेही करावी. १८ च्या जवळ आलेल्या मुलांची यादी गटाने ठेवून त्यांची दिव्यांगत्व प्रमाणपत्रे आधीच तपासून घ्यावीत.