दारूला हात न लावणाऱ्याचं लिव्हर फॅटी का होतं, आणि रिपोर्टवरच्या ग्रेडपेक्षा काय बघायचं

आपल्याकडे जळगाव-धुळ्याला उन्हाळ्यात मुतखड्याच्या दुखण्यापायी माणसं सोनोग्राफीला जातात. खडा सापडो न सापडो, रिपोर्टमध्ये एक ओळ असतेच, फॅटी लिव्हर ग्रेड वन, नाहीतर ग्रेड टू. मग ठरलेला प्रश्न, "मी ते दारूले हातबी लावत नही, मंग मना लिव्हरले काय व्हयनं?" घरचे लगेच तूप बंद करतात, केळी बंद करतात, आणि बिनसाखरेचा नव्हे तर दोन चमचे साखरेचा चहा टोस्टसोबत तसाच चालू राहतो. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे, कारण तूप बंद करून लिव्हरमधली चरबी जाईल हा समज अर्ध्याहून जास्त चुकीचा आहे.

लिव्हरमधली चरबी येते कुठून हे मोजता येतं. २००५ साली अमेरिकेत एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात फॅटी लिव्हरच्या पेशंटना काही दिवस खूण केलेले अणू असलेली चरबी आणि इतर पदार्थ दिले आणि मग लिव्हरचा बारीक तुकडा काढून बघितलं की कुठली चरबी कुठून आली. पेशंट मोजके होते, पण उत्तर फार बोलकं होतं. जवळपास ५९ टक्के चरबी शरीराच्या स्वतःच्या चरबीसाठ्यातून सुटून रक्तातून आलेली, साधारण २६ टक्के लिव्हरने स्वतः साखर-पिठापासून बनवलेली, आणि ताटातल्या तेल-तुपातून थेट आलेली फक्त १५ टक्के. म्हणजे तूप दोषी आहे, पण तीन आरोपींमध्ये तो सगळ्यात छोटा.

आता त्या ५९ टक्क्यांकडे नीट बघू, कारण खरी गंमत इथेच आहे. आपण जेवलो की इन्सुलिन वाढतं. ते स्नायूंना सांगतं साखर आत घ्या, लिव्हरला सांगतं आता साखर रक्तात सोडू नको, आणि कातडीखालच्या चरबीच्या पेशींना सांगतं की दारं बंद करा, आत्ता चरबी सोडायची गरज नाही. या पेशींना किती चरबी धरता येते याची प्रत्येकाची मर्यादा वेगळी असते आणि भारतीय माणसांची ती बऱ्याचदा कमी असते, म्हणून आपल्यात हातपाय सडपातळ आणि पोट पुढे अशी माणसं इतकी दिसतात. जिनिंगचं गोडाऊन भरलं की कापसाच्या गाठी अंगणात पडायला लागतात तसंच होतं, पेशी भरल्या की त्या इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात, दारं नीट बंद होत नाहीत आणि फॅटी ॲसिड दिवसरात्र रक्तात गळत राहतं. पोटातल्या आतड्यांभोवतीच्या चरबीचं रक्त तर पोर्टल शिरेतून सरळ लिव्हरमध्येच जातं.

शरीर यावर उपाय म्हणून आणखी इन्सुलिन सोडतं. आणि लिव्हर या जास्तीच्या इन्सुलिनचं अर्धंच ऐकतं! "साखर सोडू नको" हा हुकूम ते मानत नाही, म्हणून उपाशीपोटीची शुगर हळूहळू चढते. पण "आलेल्या साखरेची चरबी बनव" हा हुकूम मात्र पुरेपूर पाळतं, कारण हे दोन हुकूम पेशीच्या आत वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि आधी बिघडते ती पहिली वाट. म्हणून एकाच लिव्हरमधून शुगरही वाढते आणि चरबीही बनते. वरून साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो, त्याचा मोठा भाग लिव्हरमध्येच संपवला जातो आणि तिथे ग्लुकोजला असतो तसा ब्रेक त्याला नसतो, त्यामुळे गोड चहा, कोल्ड्रिंक आणि उसाचा रस यांचा वाटा त्या २६ टक्क्यांत मोठा. लिव्हर यातली काही चरबी पुड्या बांधून रक्तात परत पाठवतं, म्हणून फॅटी लिव्हरवाल्याच्या लिपिड रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराईड जास्त आणि एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल कमी दिसतं. ट्रायग्लिसराईडसाठी वेगळा आजार शोधत बसायची बहुतेक वेळा गरज नसते, उगम एकच आहे.

केळ्याबद्दल बोलायलाच पाहिजे, केळीच्या जिल्ह्यात केळीला उगाच बदनाम केलंय. मध्यम केळ्यात साधारण १०० कॅलरी असतात, सोबत फायबर असतं, एखादं केळं खाल्ल्याने लिव्हर फॅटी होत नाही. साखर घातलेलं शिकरण, मिल्कशेक आणि तळलेले वेफर्स हा वेगळा मामला आहे.

आता टेस्टकडे येऊ. नुसती चरबी असणं आणि त्या चरबीमुळे लिव्हरला सूज येऊन आत वण तयार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढे सिरॉसिसपर्यंत नेतो तो वण, चरबी नाही. सोनोग्राफीचा ग्रेड म्हणजे लिव्हर पडद्यावर किती पांढरं दिसतं एवढंच, सुरुवातीचा वण त्यात दिसत नाही. शिवाय लिव्हरमध्ये ५ टक्क्यांवर चरबी गेली की फॅटी लिव्हर म्हणतात पण सोनोग्राफीला ती २० टक्क्यांच्या आसपास गेल्यावरच खात्रीने दिसते. एसजीपीटी-एसजीओटी या लिव्हरच्या रक्ततपासण्यांचंही तसंच, वण असलेल्या कितीतरी लोकांचं एसजीपीटी नॉर्मल असतं.

म्हणून जगभर डॉक्टर आधी एक साधं गणित करतात, फिब-फोर. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट (हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने. खर्च काही नाही, आपल्या जुन्या रिपोर्टमध्ये हे आकडे पडलेले असतात.

समजा एका घरात दोन भाऊ आहेत. धाकटा ४६ वर्षांचा, दुकानदार, सोनोग्राफीत ग्रेड टू, एसजीपीटी ६४, एसजीओटी ४४, प्लेटलेट २ लाख १० हजार. ४६ गुणिले ४४ म्हणजे २०२४. ६४ चं वर्गमूळ ८, त्याला २१० ने गुणलं तर १६८०. भागाकार १.२. मोठा भाऊ ६२ वर्षांचा, ग्रेड वन, एसजीपीटी ३६ म्हणजे लॅबच्या हिशेबाने नॉर्मल, एसजीओटी ४२, प्लेटलेट १ लाख ४० हजार. ६२ गुणिले ४२ म्हणजे २६०४, खाली १४० गुणिले ६ म्हणजे ८४०, भागाकार ३.१. आता १.३ च्या खाली असेल तर मोठा वण असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर शक्यता चांगलीच, मधले लोक संशयित. घरात सगळे धाकट्याची काळजी करत बसलेत कारण त्याचा ग्रेड टू आहे, आणि खरं तर लवकर पोटविकारतज्ज्ञाकडे न्यायला पाहिजे मोठ्याला. पासष्टीनंतर खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात, आणि पस्तिशीच्या आत हे गणित भरवशाचं नाही.

पुढची पायरी फायब्रोस्कॅन, बरगड्यांवर प्रोब टेकवून लिव्हर किती कडक झालंय ते मोजतात, सुई नाही काही नाही, फक्त तीन तास उपाशी जायचं. ८ किलोपास्कलच्या खाली आलं तर बहुतेक वेळा निश्चिंत. त्यासोबत एकदा हिपॅटायटिस बी आणि सी, एचबीएवनसी, लिपिड आणि थायरॉईड बघून घ्यावं, आणि स्टेरॉईडसारखी काही औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आठवणीने सांगावं, कारण फॅटी दिसणारं प्रत्येक लिव्हर फक्त पोटामुळे नसतं.

धाकट्याचं काय करायचं? उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७८ किलो, कंबर ९८ सेंटिमीटर. आपल्या लोकांसाठी पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० च्या वर नको. वजन ३ ते ५ टक्के कमी झालं की चरबी उतरायला लागते, ७ टक्क्यांना सूज कमी व्हायला लागते, १० टक्के झालं तर बऱ्याच जणांचा वणही मागे हटतो. ७८ चे ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. त्याने साडेबहात्तरवर यायचंय, कॉलेजातल्या वजनावर नाही. दिसायला बारीक असणाऱ्याला तर ३ ते ५ टक्केही पुरतात.

साडेपाच किलो सहा महिन्यात. हिशेब त्याच्याच ताटातून काढू. दिवसाला चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे, १६० कॅलरी, ते दोन चमच्यांवर आणले तर १२० वाचल्या. संध्याकाळी दुकानावर मूठ-मूठ करत ५० ग्रॅम शेव जाते, पावणेतीनशे कॅलरी, त्याजागी फुटाणे ३० ग्रॅम, दीडशेच्या वर वाचल्या. घरात चार माणसांना महिन्याला पाच लिटर तेल लागतं, म्हणजे माणशी रोज चाळीस मिलीच्या वर, ते तीन लिटरवर आणलं की माणशी रोज १३५ कॅलरी वाचतात आणि हे एकट्याला जमत नाही, डबा आणणाऱ्याने आणि भाजी करणाऱ्याने मिळून ठरवावं लागतं. शेवभाजी, वरण-बट्टी, भरीत सोडायचं नाही, भरिताच्या वांग्यात काही दोष नाहीच, वरच्या तेलात आहे, आणि बट्टी तळण्याऐवजी भाजून खाल्ली तरी ती बट्टीच असते. सोबत कळण्याची किंवा ज्वारीची भाकरी, पण दोन, आणि वाटीभर घट्ट वरण.

वरून रोज ४० मिनिटं जोरात चालणं. कागदावर हे सगळं धरलं तर महिन्याला दोन किलो उतरायला पाहिजे, प्रत्यक्षात एकच उतरतो, कारण लग्नसराई असते आणि वजन कमी झालं की शरीर खर्चही कमी करतं. तो एक किलो बरोबरच आहे, तिथे नाराज होऊन उपास सुरू करू नका. आठवड्याला दीड किलोच्या वर वजन पाडलं तर पित्ताचे खडे होऊ शकतात आणि लिव्हरची सूज उलट वाढू शकते, कारण गळणारी सगळी चरबी एकदम तिथेच येते. आणि चालण्याचा फायदा काटा हलला नाही तरी होतो, स्नायू रक्तातली साखर उचलतात, इन्सुलिन उतरतं, लिव्हरमधली चरबी काही प्रमाणात तशीच कमी होते.

लिव्हर डिटॉक्सच्या पावडरी आणि काढे याबद्दल मला खरंच राग आहे. लिव्हर धुवायची गोष्टच नाही, तिथे घाण साचलेली नसते, चरबीच्या थेंबांनी भरलेल्या जिवंत पेशी असतात. कोरोनाच्या काळात गुळवेल रोज घेऊन लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी रीतसर नोंदवलेत. ज्याचं लिव्हर आधीच सुजलंय त्याने अनोळखी पावडर घेणं हे धोक्याचं आहे, आयुर्वेदाच्या नावाने असली तरी. बिनसाखरेची कॉफी मात्र प्यायला हरकत नाही, ती पिणाऱ्यांमध्ये वण कमी आढळतो.

दर महिन्याला सोनोग्राफी करू नका, पैसे जातात आणि ग्रेड बघणाऱ्या डोळ्यागणिक बदलतो. आठवड्याला एकदा सकाळी वजन, महिन्याला बेंबीच्या पातळीवर टेपने कंबर, सहा महिन्यांनी एसजीपीटी-एसजीओटी एवढं पुरे. डायबिटीस असेल तर फिब-फोर वर्षा-दोन वर्षांनी परत काढायचं, नसेल तर दोन-तीन वर्षांनी. आणि पायाला सूज, पोटात पाणी, काळी शी किंवा डोळे पिवळे यातलं काहीही दिसलं तर यातला कुठलाच हिशेब करत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.