नाव गाळलेलं पत्र आणि ओळख झाकलेलं पत्र

वर्गात एखाद्या मुलाला इतरांनी त्रास दिला की त्याच्या पालकांना पत्र लिहावं लागतं. त्यात दुसऱ्या मुलांची नावं घालायची नाहीत, हे बहुतेक शिक्षकांना माहीत असतं. तरीही गफलत होते, कारण नाव गाळलं म्हणजे ओळख झाकली असं आपण धरून चालतो.

हे वाक्य बघा: ‘यंदाच शाळेत आलेल्या आणि बसमध्ये मागच्या बाकावर बसणाऱ्या विद्यार्थ्याने तुमच्या मुलाची वही फाडली.’ नाव कुठेच नाही, पण वर्गातलं कोणतंही मूल क्षणात सांगेल की हा कोण. पत्राचा फोटो पालकांच्या ग्रुपवर गेला, की संध्याकाळपर्यंत त्या मुलाच्या घरी फोन सुरू होतात.

आता हेच असं लिहिलं तर: ‘मंगळवारी मधल्या सुट्टीत वर्गात तुमच्या मुलाची वही फाडली गेली आणि त्याच्या बोलण्याची नक्कल करण्यात आली. असं आधीही घडल्याचं त्याने आम्हाला सांगितलं. यात इतर विद्यार्थ्यांचा सहभाग होता का, याची चौकशी सुरू आहे.’ वार, जागा, आपल्या मुलाला काय सोसावं लागलं, सगळं पालकांना कळतं. दुसऱ्या बाजूचं मूल मुलगा की मुलगी, एक की अनेक, नवं की जुनं, यातलं काहीच कळत नाही. पाठवण्याआधी, वर्ग ओळखणाऱ्या पण घटना माहीत नसलेल्या सहकाऱ्याला ते वाचायला द्यावं. त्याला अंदाज बांधता आला, तर ज्या शब्दावरून बांधला तो शब्द काढावा.

मुलाने घरी नाव आधीच सांगितलेलं असतं, मग लपवून काय उपयोग, असं पालक विचारतात. त्यांचा राग रास्त आहे. पण मुलाने घरी सांगणं आणि शाळेने लेखी देणं यात फरक आहे. चौकशी संपण्याआधी शाळेच्या कागदावर आलेली ओळख नंतर पुसता येत नाही.

खरी अडचण येते पुढच्या पावलांपाशी. दुसऱ्या मुलाला काय शिक्षा झाली, हे त्याचं खासगी प्रकरण, ते लिहायचं नाही. म्हणून ‘योग्य ती कारवाई केली जाईल’ एवढ्यावर पत्र संपवलं जातं, आणि पालकांना वाटतं, शाळा हात झटकतेय. खरं तर त्यांच्या स्वतःच्या मुलासाठी काय होणार, ते सगळं मोकळेपणाने लिहिता येतं: उद्यापासून मधल्या सुट्टीत वर्गात शिक्षक थांबतील, मूल त्याला हव्या त्या जागी बसेल, पुन्हा काही झालं तर त्याने कोणत्या शिक्षकांकडे जायचं, पालकांनी कोणाला फोन करायचा. आणि पुढच्या भेटीची तारीख. ‘लवकरच’ नको, तारीखच हवी. त्या दिवसापर्यंत चौकशी अपुरी राहिली, तरी ती अपुरी आहे हे सांगायला फोन करायचाच.